शनि येऊन राहिला का बसून हाय?

...नाही, मी म्हनतो, एकाच पोट्टीच्या मानेवर एकच शनि दोन वेगवेगळ्या टायमाले कसा बसते? तुमाले सांगतो, मी करडीचा मानूस, चौथीत शाळा सोडली, धान सोडून दुसरं काही वाचलं नाही. पन एवढं तं मलेही समजते का एक तं आला असंन नाही तं अजून येनार असंन! पन नाही. आमच्या घरी अर्धा हिवाळा आन पुरा उन्हाळा हेच चाललं... एक म्हनते शनि येऊन राहिला, म्हंजे वाटेवर हाय, दुसरा म्हनते शनि बसून हाय!

आता पह्यल्यापासून सांगतो. माही नातीन हर्षा. तेवीस पुरे झाले मार्गशीर्षात. तिच्यासाठी चिखल्याचा पोरगा आला, अतुल, खदानीच्या हापिसात कामाले. पोरगा चांगला, पोट्टीले पसंत, मलेही पसंत, आन मले तं तुमाले माहीत हाय कोनीच पसंत येत नाही. अतुलचा बाप देवाजी, सरळ मानूस. तो म्हनाला का बाबा, लगन ह्या उन्हाळ्यात करा, पानी लागाच्या आंधी, नाही तं बालाघाटवाल्यायची पोरगी आमी पाहून ठेवली हाय. झालं! आता याच्यात काय इचार कराचा होता? मांडव टाका, तांदूळ टाका, मोकळे व्हा. पन माही बायको! मालनबाई! ती मडकं घेते तं दोन दुकानायत वाजवून पाह्यते. ती म्हने, पत्रिका दाखवा.

पत्रिका दाखवली तुमसरले, केशवरावाले. भाताच्या गिरणीच्या मांगं घर, जाडजूड मानूस, बोलला का पोटातून आवाज येते. (जाड आवाजात) "मिथुन लग्न. सातवं घर नवऱ्याचं, तिथं धनु, त्याचा मालक गुरू. मृग नक्षत्रावर जन्म, म्हनून विंशोत्तरीच्या हिशोबानं मंगळाच्या दशेत जन्मली. मंगळाचे सात वर्ष, जन्माच्या टायमाले नक्षत्र अर्धं उरलं होतं म्हनून अर्धेच भोगाले आले, साडेतीन. मंग राहूचे अठरा. आता गुरूचे सोळा चालू, आन त्याच्यातही गुरूचीच अंतर्दशा. सातव्याचा मालक आपल्याच घरात आपलीच खुर्ची टाकून बसला. लगन आताच. आखाडापर्यंत गुरू हाय, मंग त्याच्यात शनिची अंतर्दशा लागते, अडीच वर्षाची. मंग बसा."

मले काय समजलं? एवढंच का आखाडाच्या आंधी उरका, मंग शनि येते. बरं वाटलं. बारा रुपयाची सुपारी ठेवली आन उठलो. एवढ्यात आटोपलं असतं, पन मालनबाई म्हने, माह्या माहेरचा गोपीचंद हाय तिरोड्याले, त्यालेही दाखवू. म्हनलं कायले? म्हने, दोघायनं हो म्हनलं का जीव गार राह्यते. जीव गार! तुमाले सांगतो, आपला जिल्हा फुटून गोंदिया येगळा झाला तवापासून तिरोडा त्यायच्या जिल्ह्यात गेलं, आन माह्या बायकोचं माहेरही दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, मले वाटलं थोडं दूर झालं. नाही! एकाच घंट्याचा रस्ता हाय, अजूनही.

गोपीचंद बारीक मानूस, बारीक आवाज, नाकातून. (नाकातून) "केशवरावानं विंशोत्तरी पाहली ना? मी योगिनी पाह्यतो, योगिनी कवा खोटी बोलत नाही." मले वाटलं त्याच्या बायकोचं नाव योगिनी असंन! मंग त्यानं आठ नावं घेतली, मंगला, पिंगला, धान्या, भ्रामरी, भद्रिका, उल्का, सिद्धा, संकटा... मी म्हनलं, बाबा, एवढ्या पोरी कोनाच्या? तं म्हने ह्या दशा हायेत. पह्यलीचं एक वर्ष, दुसरीचे दोन, असं करत करत संकटाचे आठ, सगळ्या मिळून छत्तीस, का पुन्हा पह्यलीपासून. तिकडं विंशोत्तरीचे एकशेवीस. एकशेवीस! आमच्या करडीत शंभरीचा एक म्हातारा होता, तोही सालभर झोपूनच होता.

गोपीचंदानं माह्यासमोर हिशोब केला, बोटावर. म्हने, अश्विनीपासून मोजा, मृग पाचवं. त्याच्यात रीतीचे तीन टाका, आठ. आठानं भागा, बाकी शून्य. शून्य उरलं का आठवी धराची, म्हंजे संकटा. पोट्टी संकटात जन्मली! तिचे आठ, अर्धे भोगाले आले, चार. मंग मंगला एक, पिंगला दोन, धान्या तीन, भ्रामरी चार, भद्रिका पाच. हे झाले एकोणीस. एकोणीस पुरे झाल्यापासून उल्का लागली, सहा वर्षाची. "आन उल्केचा मालक कोन? शनि! पंचवीस पुरे होईपर्यंत उल्का हाय. तिच्यात लगन लावलं तं भांडन, आजार, पायपीट. येत्या मार्गशीर्षात नाही, त्याच्या पुढच्या मार्गशीर्षात सिद्धा लागते, सात वर्षाची, तिचा मालक शुक्र. लगनाचाच ग्रह. तवा लावा."

म्हंजे पाहा! केशवराव म्हनते आताच करा, शनि येऊन राहिला. गोपीचंद म्हनते आता करूच नका, शनि बसून हाय. आन गोपीचंदानं सांगितलेल्या सिद्धाच्या टायमाले केशवरावाचा शनि जोरात चालू राह्यते! इकडून निघालं तं हा शनि, तिकडून निघालं तं तो शनि. पोट्टीनं लगन करावं कवा, दोन शनिच्या मधच्या फटीत?

मी म्हनलं, दोघाईले एका खाटेवर बसवा. बसवलं, आमच्याच ओसरीत. जिल्हा एक होता तवा एकमेकाच्या घरी चहा पेत होते दोघंही, आता असे बसले जसे काही शेताच्या धुऱ्यावरून कोर्टात आले. केशवराव म्हने योगिनी छत्तीस वर्षात फिरून येते, घाण्याचा बैल हाय. गोपीचंद म्हने तुमची विंशोत्तरी एवढी लंबी का तिच्यात काहीही सापडते. मी चहा मांगवला. मी पुन्हा चहा मांगवला.

मंग दोघाईचं एका गोष्टीवर जमलं. कायवर? जन्माचीच येळ चुकली असंन! मालनबाईले इचारलं. ती म्हने, तुमसरची सांजची यष्टी वाकावरून वळली आन पोट्टी रडली. आता यष्टी! ती कवा येळेवर आली हाय आयुष्यात? गोपीचंद खुश झाला. म्हने, घंटाभर मांगं सरकवू. केशवरावानं हिशोब केला. नक्षत्र एका दिवसाचं, म्हनून घंटा चुकला का मंगळाचे सात वर्ष साडेतीन महिन्यानं सरकते. गोपीचंदानं केला, संकटाचे आठ चार महिन्यानं सरकते. आन सरकते कोनीकडं? दोन्ही एकाच बाजूले! म्हंजे गुरू साडेतीन महिने पुढं गेला तं सिद्धा चार महिने पुढं पळाली. दोन बैलगाड्या एकाच रस्त्यानं ढकलल्या, मधलं अंतर तसंच! गोपीचंद म्हने मंग पुढं सरकवू. केशवरावानं डोकं हालवलं. म्हने, पुढं सरकवलं तं मिथुनाचं कर्क लग्न होऊ शकते, आन कर्काच्या सातव्या घरी मकर, त्याचा मालक शनि. तुमाले सांगतो, मी तिसरा शनि पाहून उठूनच गेलो गोठ्यात. तिथं निदान बैल शांत राह्यते.

असंच चाललं. माघ गेला, फागुन गेला, चैत गेला, बैसाख गेला. लोकायच्या मांडवात जेवून जेवून माहं पोट बिघडलं. देवाजीचा निरोप आला, मंग पुन्हा निरोप आला, दुसरा पह्यल्यापेक्षा आखूड. पोट्टी जेवेना. आन ओसरीत काय? एक म्हनते शनि येऊन राहिला, दुसरा म्हनते शनि बसून हाय!

मंग जेठात एका सकाळी देवाजी स्वतःच फटफटीवर आला. बसला नाही. म्हनाला, "वासुदेवराव, आज हो का नाही सांगा. बालाघाटवाले सांजेले येऊन राहिले."

आता मात्र मी खवळलो. अंकुशले, म्हंजे पुतन्याले, गाडी घेऊन पाठवलं, दोघाईले घरून उचलून आनलं, खाटेवर टाकलं, आन म्हनलं, मोठ्या दशा झाल्या तुमच्या, आता बारीक सांगा. बारीक काही असते का नाही तुमच्यात? तं गोपीचंद म्हने, असते, योगिनीतही अंतर्दशा असते. मी म्हनलं, मंग ती कवा काढनार होते, पोट्टी म्हातारी झाल्यावर?

काढली. योगिनीतली पह्यल्यांदा काढली, चार महिन्यानं! म्हने उल्केचे सहा वर्ष त्याच आठ जनीयले वाटाचे, जिचे जेवढे वर्ष तेवढे तिचे महिने दुप्पट. उल्केचे बारा, सिद्धाचे चौदा, संकटाचे सोळा, मंगलाचे दोन, पिंगलाचे चार, धान्याचे सहा... आन थांबला. बोटं तशीच हवेत. केशवराव वाकला. गोपीचंद म्हने, पिंगलापर्यंत चार वर्ष सरले, आता उल्केत धान्या. तेवीस पुरे झाल्यापासून सहा महिने. केशवराव म्हने, धान्याचा मालक कोन? गोपीचंद म्हने, गुरू. केशवराव म्हने, माह्याकडंही गुरूत गुरू. दोघंही एकमेकाकडं पाहून राहिले, जसे जत्रेत हारपलेले भाऊ. "जमलं!" म्हने. "दोन्ही पद्धतीनं गुरू! मोठी दशा वातावरन दाखवते, बारीक दशा दिवस दाखवते. याच्यासारखा टाइम नाही लगनाले."

मी म्हनलं, कवापर्यंत हाय हा टाइम?

गोपीचंदानं बोटं पुन्हा मोजली. मंग गोपीचंद नाकातून म्हने, "तेवीस आन सहा महिने... म्हंजे परवा संपला."

परवा! पुरा लगनसराईचा टाइम दोघाईच्या हिशोबानं सोन्यासारखा होता, आन तो ह्यायनं माह्या खाटेवर बसून माहाच चहा पेत भांडनात घालवला! एकमत झालं ते कायवर, तं गेलेल्या दिवसावर!

आतून हर्षा आली. आयुष्यात पह्यल्यांदा पावन्यायसमोर बोलली. म्हने, "आबा, मले दशेसंग नाही नांदाचं, अतुलसंग नांदाचं हाय."

देवाजी हासला. पह्यला मानूस, त्या ओसरीत चार महिन्यात हासलेला. मी म्हनलं, पुढच्या रविवारी. केशवराव म्हने, गुरू आखाडापर्यंत हाय तं चालते. गोपीचंद म्हने, पन भ्रामरी लागली, मंगळाची... मी फक्त पाहलं त्याच्याकडं. त्यानं चहाची बशी उचलली. लगन लागलं, धानाचे पऱ्हे टाकाच्या घाईत, अर्धा गाव चिखलाच्या पायानं जेवला. पोट्टी चिखल्याले सुखात हाय. केशवराव म्हनते माह्या गुरूनं झालं. गोपीचंद म्हनते सिद्धा लागू द्या, मंग पाहा.

संपलं असं वाटलं ना? मलेही वाटलं. पन यंदा मले खोकला लागला. आन मालनबाईनं काय केलं? दवाखान्यात नेलं, हे खरं. पन येता येता तुमसरले माही पत्रिका दाखवली. केशवराव म्हने, विंशोत्तरीनं मारक दशा लागली, दिवाळीपर्यंत जपा. तिचा जीव गार झाला नाही, ती तिरोड्याले गेली. गोपीचंद म्हने, सिद्धा चालू हाय, सात वर्ष केसालेही धक्का नाही.

आता मी काय करू सांगा? येत्या हंगामाचं बी ठेवू का नको? दोघंही उद्या येनार हायेत, खाट टाकून ठेवली हाय, चहापत्ती आनून ठेवली हाय. हर्षाच्या टायमाले चार महिने लागले होते. म्हनून मी ठरवलं... त्या दोघाईचं जमत नाही तोपर्यंत मले मराले काही टाइम नाही.