खरी दहा वर्षांची

थेसालोनिकीतल्या सलूनमध्ये शेजारी बसलेल्या मायलेकींचं बोलणं कानी पडलं आणि एव्दोकियाबाईंची जपमाळ थांबली.

“आई, आज वेणी कापायचीच!”

“अगं, मालिकावाल्यांनी पुन्हा बोलावलं तर?”

“कशाला? तीन वर्षं शूटिंग केलं, गोष्टीत एकच हिवाळा सरला. मी आपली सातचीच! दुधाचे दात पडले तर खोटे लावले, उंच झाले तर सारखं बसवून ठेवलं.”

“म्हणून तर कथा दहा वर्षं पुढे नेली. आता मोठ्या कोरिनाची भूमिका दुसरी मुलगी करणार.”

“आणि आठवणींसाठी माझे जुने प्रसंग आहेतच. मग कोरिना सतराची. मी?”

“दहाची, बाळा.”

“खरी दहा?”

“अगदी खरी.”

एव्दोकियाबाईंचा नंबर पुकारला गेला.

“आधी हिला घ्या,” त्या म्हणाल्या.