पावडरवाल्यांना पाठवता आली नसती अशी शुभेच्छा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे सन्माननीय अधीक्षक साहेब. व्यासपीठावरच्या मेट्रन मॅडम. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या, आज निवृत्त होणाऱ्या धुलाई विभागाच्या प्रमुख, आमच्या बाई. पहिल्या रांगेतले कपड्यांच्या पावडरीचे एजंट, ज्यांना आम्ही प्रेमाने पावडरवाले म्हणतो. आणि ड्यूटी सोडून किंवा ड्यूटीतून पळून आलेले माझे सर्व सहकारी, सर्वांना माझा नमस्कार.

माईक जरा लांब धरतो. माझा श्वास त्यात ऐकू येतोय, आणि तो फार शूर माणसाचा वाटत नाही.

मी इस्त्रीच्या रोलरवर काम करतो. कॉलेज अर्ध्यातून सोडलं, म्हणून बाई मला 'अर्धवट' म्हणतात. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "का सोडलंस?" मी म्हटलं, सरांशी भांडण झालं. त्या म्हणाल्या, "इथे भांडायचं असेल तर रोलरशी भांड. तो चटका देतो, तक्रार करत नाही." तेव्हापासून मी रोज रोलरशीच भांडतोय.

बाईंबद्दल मोठमोठे शब्द वापरायला मला भीती वाटते. त्या धुतलेली प्रत्येक चादर उजेडात धरून बघतात, विरलेली जागा शोधतात. भाषणालाही तसंच धरतील. आत्ता चष्म्याच्या वरून बघताहेत, म्हणजे धरलंच आहे. तरी एक गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण मला इथे उभं राहायला लावलंय ते एका कामासाठी. आज बाईंचा वाढदिवसही आहे, आणि त्यांच्या मुलीने पाठवलेली शुभेच्छा मी वाचायची आहे.

थांबा बाई. अजून वाचत नाही.

सकाळी चादरी मोजताना बाईंनी मला सांगितलंय, "तिचं काही वाचलंस तर मी उठून जाईन." आणि त्या बोलतात ते करतात, हे या हॉलमध्ये कोणाला सांगायला हवं का? मागच्या दाराजवळ जे उभे आहेत त्यांनी थोडी वाट मोकळी ठेवा. का, ते विचारू नका. तिकडे वळून बघूही नका. अहो बघू नका म्हटलं ना.

नवीन मंडळींसाठी सांगतो. मुलगी दुसऱ्या गावी नोकरी करते. गेल्या वर्षी बाईंच्या वाढदिवसाला तिने फोनवर मेसेज पाठवला. 'तू म्हणजे मायेचा सागर, तुझ्या ऋणातून मी कधी मुक्त होणार नाही, तू माझ्या जीवनातला अखंड तेवणारा दीप आहेस, तुला उदंड आयुष्य लाभो', आणि खाली पाच फुलं. बाई खूश झाल्या. तेवढ्यात आणखी एक मेसेज आला. तोच सागर, तेच ऋण, तोच दीप आणि तीच पाच फुलं. तो होता पावडरवाल्यांचा.

पावडरवाले काका, तुम्ही खाली बघू नका. तुमचा काही दोष नाही. तुम्ही सगळ्या रुग्णालयांच्या बायांना तोच पाठवत होतात, हे तुम्ही स्वतःच नंतर कबूल केलंत.

बाईंनी दोन्ही मेसेज आम्हाला दाखवले. हसत दाखवले. मग मुलीला फोन लावला आणि एवढंच म्हणाल्या, "त्यांना माझ्याकडून ऑर्डर हवी असते. तुला काय हवंय?" आणि फोन ठेवला. त्यानंतर वर्षभर तिचा फोन उचलला नाही. आमच्यापैकी प्रत्येकाला वाटलं, एवढं काय त्यात? मलाही वाटलं. पण त्या दिवशी दुपारी बाईंनी डब्यातली पोळी तशीच परत नेली, ते मी पाहिलं होतं.

तर या वर्षी बाईंच्या कन्येने मला फोन केला. का मला केला, हा प्रश्न कोणी विचारू नये. माझं अक्षर चांगलं आहे, एवढंच कारण समजा. मेट्रन मॅडम, तुम्ही हसू नका, बाई बघताहेत.

ती म्हणाली, "आईच्या निरोप समारंभात काहीतरी वाच. पण ते माझं वाटलं पाहिजे." मी म्हटलं, पाठव. तिने पाठवलं. सागर गेला होता, त्या जागी आभाळ आलं होतं. दीप गेला होता, तिथे सावली. मी तिला म्हटलं, "हे पावडरवाले पाठवू शकतील का?" ती म्हणाली, "शकतील." म्हटलं, "मग खोड."

आमची परीक्षा एवढीच होती. एकेक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं, हे पावडरवाले पाठवू शकतील का? 'तू खूप कष्ट केलेस.' शकतील. 'तू नेहमी माझ्या पाठीशी उभी राहिलीस.' शकतील. 'तुझ्यासारखी जगात दुसरी कोणी नाही.' काका तर हे रोज पाठवतील. शेवटी 'आई' हा एकच शब्द उरला. तो मात्र काकांना पाठवता येत नाही.

मग मला राग आला. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, तुला जमत नाही, मी लिहितो. ड्रायरच्या खोलीत, मशीनच्या घरघरीत बसून मी लिहिलं. तुझ्या हातांच्या उबेत माझं बालपण वाळत पडलं, असं काहीतरी. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. पण हे तू माझ्या आईला लिहिलेलं नाहीस." मी विचारलं, "मग कोणाला?" ती म्हणाली, "ते तूच ठरव." आणि हसली. तिचं हसणं... असो. अध्यक्ष महाशय, मी विषयाकडे येतो.

तेव्हा मला कळलं की शब्द चांगले असून भागत नाही, ते तिच्या तोंडचे हवेत. ती छोटी वाक्यं बोलते. घरात 'माते' म्हणत नाही, 'आई गं' म्हणते. म्हणून मी लिहायचं बंद केलं आणि विचारायला लागलो. कष्ट केले म्हणतेस, ते तू कधी पाहिलेस? कुठे उभी होतीस? आईच्या हातात काय होतं? ती आधी चिडली. "तू पोलिस आहेस का?" मग हळूहळू सांगायला लागली. एक गोष्ट फार चांगली होती, ऐकून माझ्याच डोळ्यात पाणी आलं. पण ती बाईंच्या एका वाईट दिवसाची होती. ती दोघींमध्ये बोलायची, अधीक्षक साहेबांसमोर नाही. ती आम्ही काढून टाकली. आणि ती काय होती, हे मी कोणालाही सांगणार नाही. बाई, खात्री बाळगा.

शेवटचं भांडण आमचं सगळ्यात मोठं झालं. तिने खाली लिहिलं होतं, 'मला माफ कर. माझ्याशी बोल ना आई. एकदा तरी फोन उचल.' मी म्हटलं, हे राहू दे, यावर तर सगळा हॉल रडेल. ती म्हणाली, "म्हणजे मीही ऑर्डरच मागतेय ना?"

तिने तिन्ही वाक्यं खोडली. माफी मागायची असेल तर वेगळी मागेन म्हणाली, वाढदिवसाच्या पाठीवर बसून नाही. म्हणून आता मी जे वाचणार आहे त्यात काहीही मागितलेलं नाही. बाई, तुम्ही उठून गेलात तरी चालेल. तिने मला बजावलंय, आई उठली तर मागे धावायचं नाही आणि कोणाशी भांडायचं नाही. पहिलं मी पाळेन. दुसऱ्याचं बघू.

वाचतो.

"आई गं, आज तुझा वाढदिवस. तू रोज गजर लावायचीस आणि तो वाजायच्या आधी उठून बंद करायचीस, माझी झोप मोडू नये म्हणून. आपल्या घड्याळाचा गजर कसा वाजतो, हे मला अजून माहीत नाही.

दिवसभर तिकडे चादरी करून तू घरी यायचीस आणि मग आपण दोघी घरची चादर घडी करायचो. तू तुझी दोन टोकं माझ्या हातात द्यायचीस आणि खाली लोंबणारी घडी उचलायला तूच वाकायचीस. मला वाकू द्यायची नाहीस. माझी कंबर जपायचीस, तुझी दुखत असताना. परवा मी एकटीने चादर घडी केली. वरची कड हनुवटीखाली धरली, तरी सुटली.

उद्या तुला कामावर जायचं नाही. उशिरापर्यंत गाढ झोप लागो. जाग आल्यावर आधी चहा आठवो, ड्यूटी नाही."

एवढंच आहे. खाली फुलं नाहीत.

बाई उठल्या नाहीत. मी कागदावरून मान वर करायला घाबरत होतो, पण आता बघतोय, बसल्या आहेत. चष्मा काढलाय. अधीक्षक साहेब, त्यांना जरा पाणी... नको? बरं.

काय म्हणालात बाई? माईक देऊ का? नको. मोठ्याने बोला, मागे ऐकू जात नाही.

बाई म्हणताहेत, "कंबरबिंबर काही नाही. ती घडी तिरकी उचलायची. मग मला पुन्हा सगळं उलगडावं लागायचं. म्हणून मी वाकायचे."

बाई, हे वाक्य आम्ही तीन वेळा तपासलं होतं. ती म्हणाली होती, आई माझी कंबरच जपायची. मी काय करू, मी तिथे नव्हतो.

आता मात्र मागे वळून बघितलंत तरी चालेल. हो, तीच. दारात उभी आहे. पाण्याच्या पिंपामागे उभी राहायचं ठरलं होतं, तेवढंही तिला जमलं नाही. ती काय म्हणतेय ते सर्वांना ऐकू आलं असेल. ती म्हणतेय, "तिरकी नव्हते उचलत मी. तूच तुझं टोक खाली धरायचीस."

बाई म्हणताहेत, "इकडे ये. मग बघू कोण खाली धरायचं."

त्या दोघींचं आता बरंच चालेल असं दिसतंय. टेबलावरचं कापडही काढलं बाईंनी. मेट्रन मॅडम, तुमचा कप उचला. त्यामुळे माझं पुढचं भाषण, ज्यात बाईंच्या कार्याचा आढावा होता, ते कोणी ऐकणार नाही, आणि ते बरंच आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पावडरवाल्या काकांनी त्यांच्याबद्दलचं सगळं हसून ऐकून घेतलं, सहकाऱ्यांनी दाराची वाट मोकळी ठेवली, या सर्वांचा मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, किंवा कोणाच्या कन्येबद्दल गरजेपेक्षा एखादं वाक्य अधिक निघालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मी खाली बसतो. खरं तर मला बसता येणार नाही, कारण बाई हाक मारताहेत. "अर्धवट, उभा काय राहिलास? मधली घडी धर."