पेशवाई बुडाली, आणि आयचं ‘आदी का मागून?’

...आणि वर ते मास्तर येऊन विचारतात, “बाळ, पाणी हवंय का?” अहो, पाणी काय करू? माझी आख्खी पेशवाई बुडाली हितं! तुमाला सांगतो, पालघरच्या त्या हॉलात, मॅट्रिकच्या परीक्षेत, इतिहासाच्या पेपराला, तीनशे पोरं खराखरा लिवत होती आणि मी, दांडी गावचा वामन, पंख्याकडं बघत होतो. प्रश्न काय? ‘१७६१ ते १८१८ या काळातील प्रमुख घटना कालक्रमाने देऊन मराठी सत्तेच्या अस्ताची कारणे लिहा.’ वीस मार्क! पुस्तक पाठ हो! आणि मी झोकात पयली ओळ लिवली, ‘वसईचा तह, १७३९.’

आता आमच्या किनाऱ्यावरल्या पोराला वसई म्हटली की १७३९च सुचणार ना? चिमाजी अप्पानं पोर्तुगीजांकडनं घेतली, तारापूरचा किल्ला पण त्याच मोहिमेतला, लहानपणापासनं ऐकतोय! पण प्रश्न सुरू होतो १७६१ला. पायाखालची वाळू सरकली, दुसरं काय! तो तह नव्हेच, ती लढाई, तह निराळाच कुठला तरी... आणि एक साल पडलं तसं मागनं सगळंच पडलं. सालबाई, पुरंदर, खर्डा, वडगाव, नुसती नावं. कोण कुणाच्या मागं, देव जाणे!

आणि नापास झालो तर काकाची होडी. तिकडं तारापूरला अणूवाल्यांचं, त्या विजेच्या कारखान्याचं, काम निघालंय, मॅट्रिक असला तर घेतात, नसला तर चल दर्यावर. आणि माझा थोरला भाऊ देवू त्याच होडीवरनं गेला, परत आला नाय. होडी आली.

तेव्हापासनं आमची आय बोंबील वाळत घालताना एकच लावते. “वामन्या, देवूनं च्या प्यायला तो काकानं हाक मारली त्याच्या आदी का मागून? वारा फिरला तो आदी का मागून?” आमच्याकडं सालं कोण लिवून ठेवतं? अमक्याची होडी फुटली त्याच्या आदी का मागून, हाच आमचा इतिहास. पण आयला तो दिवस लावायचा हाय. कुठं हाक मारली असती तर थांबला असता, ती जागा शोधते.

...आणि त्या हॉलात, तुमाला सांगतो, मला तिचाच आवाज आला. आदी का मागून? म्हटलं, सालं मरू देत, आधी क्रम लावू. दोन खुंट्या तर प्रश्नातच हायत. अलीकडं १७६१, पानिपत. पलीकडं १८१८, पेशवाई खलास. मधी काय? पानिपतानंतर माधवरावानं सावरलं, तो गेला १७७२ला, हे पक्कं. मग नारायणराव, नऊ महिन्यांत खून, म्हंजे १७७३. राघोबा इंग्रजांकडं गेला तो आदी का मागून? मागूनच! बारभाईंनी हाकलल्याबिगर कशाला जाईल? म्हंजे सुरतेचा तह, १७७५. तो मुंबईच्या इंग्रजांचा, कलकत्तेवाल्यांना पसंत नाय, म्हणून पुरंदर, १७७६. तरी मुंबईकर लढायला आले, वडगावला मार खाल्ला, १७७९. लढाई संपवायला सालबाई, १७८२. अहो, कारण सापडलं की साल आपोआप येऊन बसतं!

खर्डा? तिथं सवाई माधवराव पेशवा होता, आणि त्याच वर्षी तो गेला, १७९५. मग दुसरा बाजीराव. नाना गेला १८००ला, आवरणारा कोण? होळकरानं बाजीरावाला पुण्यात झोडला, तो पळाला वसईला, इंग्रजांशी तह, १८०२! ही माझी वसई! पयली ओळ खोडली, आणि लिवत सुटलो.

पण मेलं ‘कारण’ लिवता लिवता हात थांबला. राघोबा का गेला, सापडलं. मग देवू का गेला? त्या दिवशी होडीवर पाळी माझी होती. मी म्हटलं, “देवू, माझी शाळेत चाचणी हाय, तू जा ना.” तो हसला, गेला. चाचणी कसली? इतिहासाची! आयला हे कधीच सांगितलं नाय. मास्तर ओरडले, “दहा मिनिटं राह्यली!” तेव्हा कुठं पेन हललं.

पास झालो, इतिहासात त्रेसष्ट! अणूवाल्यांकडं स्टोअरात लागलो. पेढा घेऊन आयकडं गेलो, तर पेढा बाजूला ठेवते आणि वही पुढं करते. “मॅट्रिक झालास ना? मग आता तूच लिव नीट, देवूचा दिवस. आदी काय, मागून काय, सगळं वळीनं.”

लिवलं. च्या, हाक, वारा, सगळं वळीनं. एक ओळ सोडून. आय बोटानं चाचपते आणि विचारते, “हितं मधीच जागा का रं?” मॅट्रिकात नापास झालो असतो तर ऑक्टोबरला परत बसलो तरी असतो. ह्या पेपराला ऑक्टोबर नाय हो.