दोन टिंबं, एक रेघ आणि एक तारा

मला अजून कळत नाही, शब्द न लिहिता लोक मेसेज पाठवतातच कशाला. माझी दहा महिन्यांची छकुली तापलेली होती. तिला विठ्ठलवाडीला नणंदेजवळ, शीलाजवळ ठेवून मी घरी बटणं लावलेल्या जीन्स द्यायला कॅम्प पाचच्या कारखान्यात गेले होते. तिथेच शीलाचा मेसेज आला. दोन टिंबं, मग रेघ, मग तारा. बाकी काही नाही.

माणूस गेलं की तारा होतो म्हणतात; तारा बघून माझ्या मनात नको ते आलं. फोन लावला, तर तिने कट केला.

कारखान्यातली सिंधी भाभी म्हणाली, "सितारा है, अच्छा ही होगा. तू उसको सीधा पूछ ना."

मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, 'छकुली बरी असेल तर एक मिस कॉल दे. नसेल तर दोन.'

एक मिस कॉल आला. मी खाली टेकले. तेवढ्यात दुसरा आला.

रिक्षा करून धावत शीलाकडे गेले, तर छकुली शीलाच्या मांडीवर बसून मोबाईल चावत होती. ताप उतरला होता.

"अगं, दोन का दिलेस?"

"पहिला माझा, वहिनी. तेवढ्यात ही जागी झाली, दुसरा हिने हिरवं बटण दाबून दिला."

"आणि तो तारा?"

"मान वाकडी करून बघ. डोळे, नाक आणि चंबू केलेले ओठ. छकुलीने पापा पाठवला होता. तू फोन केलास तेव्हा नुकता डोळा लागला होता तिचा, म्हणून कापला."