स्क्रीनवरची बदली

आमच्या देवासच्या ऑफिसातल्या गोरेकाकांचं सांगितलं का तुम्हाला? साहेबांनी केबिनं पाडून सगळ्यांना एका लांब टेबलाला बसवलं, आणि काका आले नेमके माझ्या कोपराला कोपर लावून. फोन कायम स्पीकरवर. मी कुठल्या मशीनवर कुठली ऑर्डर चढवायची याचा मेळ बसवत असतो. जरा जमत आलं, की हे मान लांबवून माझ्या स्क्रीनमध्ये डोकावणार, "भिया, हे लाल-लाल काय आहे रे?" झालं! डोक्यातलं सगळं सांडलं, पुन्हा पहिल्यापासून. हेडफोन लावला, तर खांद्यावर टकटक.

शेवटी मी एक खोटी मेल टाइप केली, चांगल्या ठळक अक्षरांत: 'सतवासच्या गोदामात बदली: गोरे.' सतवास म्हणजे आडगाव, तिथे जायला कुणी तयार नसतं. मेल तशीच उघडी ठेवून चहाला गेलो.

परत येतो तर काका चिडीचूप! विचारणार तरी कसे? विचारलं, की डोकावल्याचं कबूल करावं लागणार. दिवसभर फोनसुद्धा बाहेर जाऊन घेतले. माझं अख्खं वेळापत्रक एका बैठकीत संपलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

संध्याकाळी काका हळूच जवळ सरकले. "साहेबांना सांगून आलो, सतवासला मी एका पायावर तयार आहे. ते आधी गोंधळले, पण खूश झाले. तिथे वेगळी खोली आहे म्हणे. इथे, भिया, राग मानू नकोस, पण तुझ्या कीबोर्डच्या खटखटीनं माझं डोकं उठतं!"