ताई, तुझे किती लिहू?

नाही गं, वाचलं — सगळं वाचलं, आठही पानं. चष्मा लावून वाचलं म्हणजे मनापासूनच वाचलं असं समज. तू बस. तिथे नको, त्या खुर्चीचा पाय हलतो, इकडे दिवाणावर बस. चहा? नको? बरं, नको तर नको, मलाही उठायचा कंटाळाच आलाय. हे बघ पायल, लिहिलंयस छान. पीएचडीची जागा नेदरलँड्सला, चार वर्षं, पगारी — आणि इथे आई, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मग निम्मी पानं उपयुक्ततावाद, निम्मी कर्तव्यवाद, आणि शेवटी मलाच प्रश्न, मॅडम, कोण जिंकतं? परीक्षेला असतं तर पैकीच्या पैकी दिले असते. पण पान पाचवर एक चूक आहे. मोठी आहे. ती दाखवायलाच बोलावलं तुला, फोनवर सांगण्यासारखी नव्हती.

तू लिहिलंयस, ‘कर्तव्यवादानुसार आईजवळ राहणं बंधनकारक आहे, अपवाद नाही.’ — चूक. कसोटी काय आहे? आपण ज्या नियमानं वागतो तो सगळ्या जगानं पाळावा असं आपल्याला म्हणता येतं का. बरोबर? आता खोटं वचन घे. सगळ्यांनीच खोटी वचनं दिली तर वचन ही गोष्टच उरत नाही, तो नियम स्वतःच्याच वजनानं कोसळतो. म्हणून ते पूर्ण कर्तव्य — तिथे सूट नाही. पण ‘मी माझ्या प्रगतीसाठी दूर जाईन’ हा नियम सगळ्यांनी पाळला तर जग कोसळतं का? नाही कोसळत. तसं जग असू शकतं. फक्त आपल्याला ते मनापासून हवंसं वाटणार नाही, कारण उद्या आपणही पडणार आणि आपल्यालाही कुणाची तरी गरज लागणार. म्हणून मदत करणं हे अपूर्ण कर्तव्य. अपूर्ण म्हणजे कमी नव्हे हां — करायलाच हवं, पण किती, कसं, कुठून, ते तुझं तू ठरवायचं. आणि त्याच यादीत, अगदी शेजारी, आणखी एक आहे — स्वतःच्या अंगातले गुण वाया न घालवणं. तेही कर्तव्यच! तेही अपूर्णच. म्हणजे दोन कर्तव्यं समोरासमोर आणि वर कुणी न्यायाधीश नाही. हा भाग तू गाळलास. का गाळलास ते नाही विचारत. मीही एकदा गाळला होता.

वर्गात नव्हे. वर्गात सत्तावीस वर्षं नीट शिकवला. घरी गाळला — ह्याच खोलीत, भाऊ समोर बसला होता तेव्हा.

किशोर. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तू पाहिलंयस त्याला, मागे माझा बुकशेल्फ ठोकायला आला होता तो. सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे — डाय बनवतात, म्हणजे पत्रा ज्यात दाबला की भाग तयार होतो तो साचा. त्याचा हात असा होता ना — साचा नुसता बघून सांगायचा, इथे फाटणार. अकरा वर्षांपूर्वी जर्मनीहून एक साहेब मशीन लावायला आले होते, त्यांनी त्याचं काम पाहिलं आणि जाऊन पत्रच पाठवलं. स्टुटगार्टजवळ नोकरी, डिझाइनची, बायको आणि मुलीसकट. उत्तर द्यायला पंधरा दिवस. आणि बाबांना झटका येऊन झाले होते चार महिने — उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. आई आधीच गेली होती. बाबा किशोरकडेच असायचे.

तर आला एका रविवारी. बाबांनाही घेऊन आला, व्हीलचेअर इथे, ह्या खिडकीशी. आणि ड्रॉइंगच्या कागदामागे तक्ता आखून आणला होता! हसू नकोस — मीही हसलेच होते म्हणा. मीच कधीतरी जेवताना सांगितलेलं ते त्यानं लक्षात ठेवलं होतं: सुखदुःख मोजायचं तर किती तीव्र, किती काळ टिकणारं, किती खात्रीचं, किती लवकर मिळणारं, आणि किती जणांना. प्रत्येकाचं माप सारखं, स्वतःलाही जास्त नाही, बापालाही जास्त नाही. ह्या पोरानं खरंच तसे रकाने पाडले. ओळीत माणसं — बाबा, तो, बायको आशा, मुलगी, मी. ‘जाणे’ आणि ‘राहणे’. मुलीच्या ओळीत पुढची पन्नास वर्षं धरली होती, बाबांच्या ओळीत चार. डॉक्टर म्हणाले होते चार. मी म्हटलं, किशोर, हे चार तू बाबांसमोर लिहिलंस? तर म्हणाला, ‘ताई, त्यांना आता कळत नाही गं फारसं.’ आणि मीही मान डोलावली. बाबा खिडकीबाहेर बघत होते. आम्ही त्यांच्यासमोर त्यांचीच वर्षं मोजत होतो, आणि दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की खुर्ची वळवावी, समोर बसावं, आणि विचारावं. मान हलवता येत होती त्यांना. हो-नाही सांगता येत होतं.

पण ते नंतर. मी सांगत काय होते — हां, तक्ता. सगळे रकाने भरले होते, माझी ओळ तेवढी मोकळी. तो पेन घेऊन माझ्याकडे बघत म्हणाला, ‘मी गेलो तर बाबा तुझ्याकडे येणार. माणूस ठेवू, मी वर्षातून एकदा येईन, पण रोजचं तुझ्यावरच पडणार. ताई, तुझे किती लिहू?’

बघ पायल, किती सरळ विचारलं. उपयुक्ततावादाला आपण वर्गात काय काय नावं ठेवतो, माणसाचे आकडे करतो, अमुक करतो — पण त्या दिवशी मला माझं दुःख कुणीतरी विचारलं होतं. आणि खरं उत्तर असं होतं की, खूप लिही. नको मला. मी एकटी राहते, मला माझी सकाळ लागते, वडिलांचं अंग पुसणं, डायपर — मला जमणार नाही, मला भीती वाटते, किळस वाटते. एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला असता बरं, लिहितो, मग काय येतं बघू. कदाचित तरीही ‘जाणे’ आलं असतं. मग आम्ही दुसरं काही शोधलं असतं.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, ‘किशोर, कर्तव्याचा हिशोब करायचा नसतो.’ आणि सुरू केलं. सगळ्या मुलांनी असं केलं तर काय होईल. वडील म्हणजे साधन नव्हे, साध्य. तासभर बोलले. तो मध्येच म्हणाला, ‘मग तुझा तो कर्तव्यवाला जर्मन म्हातारा मला जर्मनीला जायची काहीच सवड देत नाही?’ — चेष्टेत म्हणाला, पण डोळे चेष्टेचे नव्हते. आणि मला उत्तर माहीत होतं. देतो सवड. अपूर्ण कर्तव्य आहे, तुझे हातही कर्तव्यच आहेत. मी म्हटलं, ‘नाही. काहीच नाही.’

खोटं. खोटं बोलायचं नाही, कशासाठीही नाही, असं ज्यानं बजावून ठेवलं, त्याच्याच नावावर. आणि माणसाला साधन करू नका म्हणता म्हणता मी भावाला साधन केलं — माझी सकाळ वाचवायचं.

तो तक्ता त्यानं चार घड्या करून खिशात घातला. तेराव्या दिवशी नकार कळवला. आशानं पासपोर्टचे फोटो काढून ठेवले होते, ते तिनं कपाटात टाकले. चांगली आहे आशा. आणि बाबा? चार नाही, दहा वर्षं जगले. दहा वर्षं किशोर सकाळी त्यांना आंघोळ घालून कामावर जायचा, पाठ धरून बसायची त्याची. मी रविवारी जायचे, फळं घेऊन. फळं! कारखान्यात आता सगळं कॉम्प्युटरवर आलंय, त्याच्यापेक्षा लहान पोरं त्याला सांगतात कुठे फाटणार ते.

तिसऱ्या वर्षी बाबांना थोडं बोलता यायला लागलं, त्या थेरपीवाल्या मुलीमुळे. तुटक. एका रविवारी आशाच्या बोलण्यात काहीतरी जर्मनीचं निघालं, तर त्यांनी ताट बाजूला सारलं. ‘मला... का... नाही विचारलं?’ एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला माहितीये? कळत होतं गं त्यांना. त्या रविवारी, खिडकीशी, सगळं कळत होतं. किशोर म्हणाला, बाबा, तुम्ही काय म्हणाला असता? ते त्याच्याकडे बघून नुसते रडले. ‘जा’ म्हणाले असते की ‘राहा’, ते मला आजही माहीत नाही. म्हणूनच सांगते, कोण जिंकतं हे मला विचारू नकोस. किशोरनं आकडे चुकवले, कारण बाबांचा आकडा स्वतःच लिहिला. मी तर आकडाच लपवला आणि वर तत्त्व ठेवलं.

तू आईला विचारलंयस? नाही ना — आठ पानांत आई कुठेच बोलत नाही, ‘आईची प्रकृती’ तेवढी बोलते. आज जाऊन विचार. आणि मयूरला विचार. तुझा भाऊ आहे, सातपूरला शिफ्टला जातो, तर डायलिसिसला नेणार तोच ना? त्याला विचार की तुला किती जड जाईल, आणि तो ‘नाही जमणार’ म्हणाला तर त्याला तत्त्वज्ञान शिकवू नकोस. ऐकून घे. मग जा, नाहीतर राहा. शिफारसपत्र मी लिहून ठेवलंय, ते घेऊन जा, ते ह्या कशावर अवलंबून नाही.

बाबा गेल्या वर्षी गेले. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर किशोर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, ‘ताई, त्या दिवशी तू सांगितलंस म्हणून मी चुकलो नाही. मी तर निघालोच होतो. तुझे उपकार आहेत.’ असं म्हणाला. पाया पडला माझ्या, पायल. केस पांढरे झालेत त्याचे.

काय म्हणालीस? त्याला खरं सांगितलं का?

...नाही.

नाही सांगितलं. वर्ष झालं. रविवारी येतो ना तो, जेवतो, जातो... नाही सांगितलं.

ऊठ आता. सव्वापाचची सिटीबस असते चौकातून, ती गेली की तासभर उभी राहशील. पत्र तिथे टेबलावर आहे, निळ्या फाइलखाली. जाताना दार ओढून घे, मी उठत नाही.