गौतमभाऊंच्या गाण्याचं शेवटचं कडवं

वहिनी, लेकरांनो, बियाण्याच्या प्लँटमधल्या माझ्या सोबत्यांनो, तुम्ही सगळे जमलात. मला बोलायला लावलंत. एरवी माझं तोंड बंद होत न्हाई, आज उघडंना झालंय.

गौतमभाऊ आपले सुपरवायझर. कंपनीनं एकदा भाषणाला बाहेरचे साहेब आणले होते, आठवतंय? साहेब हात वर करून म्हणाले, "चाल पुढं लेकरा, वाट तुझी हाय!" आपण टाळ्या वाजवल्या. गौतमभाऊ मात्र उभे राह्यले. म्हणाले, "साहेब, पुढची ओळ?"

साहेबांना कुठं ठाऊक? त्यांना ती एकच ओळ मोबाइलवर आल्ती.

पुढची ओळ भाऊंना पाठ होती. "मागं वळून बघू नको, दारात उभी माय." कापूस वेचताना त्यांची आई म्हणायची. पण शाळेची वेळ झाली की म्हणायची, पळ! गाणं रोज आर्धंच राह्यचं. आई गेली. शेवट काही भाऊंना मिळाला न्हाई.

मंग मी लागलो शोधायला. ओळ मोबाइलवर टाकली, तर नुसती सूर्य उगवतानाची चित्रं, अन् प्रत्येकाखाली वेगळ्याच माणसाचं नाव! भाऊ हसले. "अरे येड्या, ही कडव्यातली ओळ हाय. गाणाऱ्यांच्या वहीत गाणं ध्रुपदावरून सापडतं, म्हंजी दर कडव्यानंतर परत येती त्या ओळीवरून. अन् लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात असतं."

ध्रुपद त्यांना आठवंना. चाल तेवढी आठवत होती. ते गुणगुणले, मी रेकॉर्ड केलं. वाटूरच्या एका पेटीवाल्यांनी चाल बराबर ओळखली, पण त्या चालीवर तीन गाणी निघाली. दोन आपली नव्हती. तिसरं जाफराबादच्या एका म्हाताऱ्या गायिकेच्या वहीत होतं. ध्रुपद होतं, "उंबऱ्यापाशी थांबले मी". खाली दुसऱ्या कडव्यात साहेबांची ओळ, अन् भाऊंच्या आईची.

बुधवारी मी ती वही डोळ्यांनी पाह्यली. अन् तिथंच चुकलो. वाटलं, फोनवर कशाला सांगायचं? रविवारी भाऊंनाच घेऊन येऊ. त्या गायिका आजीच्या तोंडून ऐकतील, मी त्यांचा चेहरा बघंन.

गुरुवारी त्यांनी विचारलं, "शेवट लागला का रे?"

मी म्हणालो, "दम धरा की, भाऊ."

शुक्रवारी भाऊ गेले.

वहिनी, मला माफ करा. तो रविवार मला रोज आठवतो. जीपमध्ये त्यांची जागासुद्धा धरली होती मी.

आपण त्या भाषणाला टाळ्या वाजवल्या. पुढं चाल, पुढं चाल. शेवट काय आहे, ऐका. मला गाता येत न्हाई, वाचतो.

"सरू म्हणे, दमलास तर परत ये घरी,
भाकर झाकून ठेवली मी चुलीच्या शेजारी."

एवढंच होतं. एवढंच त्यांना हवं होतं.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कुणी बोलू नका.

भाऊ, लई चाललात. जा आता घरी.